धड्याची संहिता शेवटाकडून लिहा

ऑनलाइन धड्याची संहिता लिहिताना मी आधी शेवटचा प्रश्न लिहायला सांगतो. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत बिलं करणाऱ्यांसाठी सहा मिनिटांचा धडा आहे असं धरू. विषय, करासहित किमतीतून जीएसटी वेगळा काढणं.

या हिशेबात ठरलेली एक चूक होते. करासहित किंमत २,३६० रुपये, दर १८ टक्के; शिकणारा २,३६० चेच १८ टक्के काढतो आणि ४२४.८० लिहितो. टक्के मूळ किमतीवर लागतात, हे त्याच्या लक्षात येत नाही. धडा या चुकीसाठीच आहे. म्हणून ‘जीएसटी समजून घेणे’ हे उद्दिष्ट लिहू नका. समजलं की नाही हे तपासणार कसं? ‘करासहित किमतीतून मूळ किंमत आणि कर काढता येईल, आणि उत्तराचा ताळा करता येईल’ असं लिहा.

आता सोडवलेलं उदाहरण. मूळ किंमत १०० भाग, कर १८ भाग, म्हणजे बिलात ११८ भाग. २,३६० ला ११८ ने भागलं की एक भाग २० रुपयांचा. मूळ किंमत २,०००, कर ३६०. मग चुकीच्या उत्तराचाही ताळा पडद्यावर करून दाखवा. २,३६० मधून ४२४.८० वजा केले की १,९३५.२० उरतात; त्यावर १८ टक्के चढवले तर सुमारे २,२८३.५४ होतात, २,३६० येत नाहीत. ही पायरी वेळ वाचवायला अनेक जण गाळतात. पण आपली चूक स्वतः पकडायची कशी, हे शिकणाऱ्याला इथेच कळतं.

संहितेत दोन रकाने ठेवा, पडदा आणि आवाज. पडद्यावर आकडे असतील तेव्हा आवाजाने कारण सांगावं. तीच वाक्यं पडद्यावरही आणि आवाजातही आली, तर माणूस वाचतो एका वेगाने, ऐकतो दुसऱ्या, आणि दोन्ही निसटतं.

उजळणीच्या पडद्याला तीन ओळी पुरतात: टक्के मूळ किमतीवर, एकूण भाग म्हणजे १०० अधिक दर, शेवटी ताळा. इथे नवं काही घालू नका.

प्रश्नात आकडे बदला. ‘करासहित किंमत ५९० रुपये, दर १८ टक्के. कर किती?’ पर्याय ९०, १०६.२० आणि ५००. १०६.२० निवडणाऱ्याने टक्के एकूण किमतीवर काढले. ५०० निवडणाऱ्याने भागाकार बरोबर केला, पण कराऐवजी मूळ किंमत सांगितली. दोघांना एकच ‘चूक’ दाखवू नका. प्रत्येकाला त्याची पायरी दाखवा.

दुसरा प्रश्न ५ टक्क्यांचा हवाच. किंमत ५२५ रुपये. भाग १०५, कर २५. फक्त ११८ हा आकडा पाठ केलेला माणूस इथे अडकतो, आणि त्याला उदाहरणाच्या पहिल्या वाक्याकडे परत पाठवता येतं.