आधी मागचं लिहा, मग कड उजळेल

नमस्कार. विषय ठरलाय तो असा: सूर्य कलल्यावर वस्तूची जवळून क्लिप घ्यायची, त्यातल्या बॅकलाइटचं आणि रिम लाइटचं वर्णन कसं लिहायचं. शूटच्या कागदावरच्या त्या दोन-चार ओळींबद्दल मी बोलणार आहे, कारण संध्याकाळ तिथेच सुधारते किंवा बिघडते.

माझी जुनी तक्रार आधी सांगतो. एका अत्तराच्या बाटलीसाठी आलेली ओळ होती, ‘सोनेरी किरणांत न्हाऊन निघालेली बाटली, कडा झळाळत आहेत, मागे तेजस्वी आकाश.’ वाचायला छान. कॅमेरामनने इमानाने तेच केलं: बाटलीमागे सूर्य, मागे उजळ आकाश. पडद्यावर काय आलं? आतला द्रव मस्त पेटला, पण काचेच्या कडा चक्क काळ्या! आणि लेबल इतकं गडद, की नावच वाचता येईना. मग समोरून दिवा लावा, अजून मोठा लावा, असं सुरू झालं. नाव दिसू लागलं तोवर संध्याकाळ दिसेनाशी झाली. सगळे कॅमेरामनवर चिडले. माझ्या मते त्याचा काही दोष नव्हता. त्या ओळीत दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात लिहिल्या होत्या.

हे नीट बघू. काचेची कड प्रकाश वळवते. मागे सगळं उजळ असेल तर कडेपाशी वळलेली नजर त्या उजेडाच्या बाहेर, बाजूच्या अंधाराकडे जाते, म्हणून कड काळी दिसते. मागे गडद असेल आणि उजेड मागून पण बाजूने येत असेल, तर तीच कड उजळते. काच नसलेल्या वस्तूंचंही तसंच: डबा असो, घड्याळ असो, उजळ कड दिसायला तिच्यामागे तिच्याहून गडद काहीतरी लागतं. उजळ आकाशावर उजळ रेघ कुठून दिसणार? म्हणून माझा आग्रह आहे, पहिलं वाक्य पार्श्वभूमीचं लिहा. ‘मागे सावलीतली गडद झाडी, धूसर.’ एवढ्यानं निम्मं काम होतं.

दुसरं वाक्य सूर्याच्या जागेचं. वरून पाहिलेलं घड्याळ मनात आणा. मध्यभागी बाटली, सहावर कॅमेरा. सूर्य बारावर असेल तर तो शुद्ध बॅकलाइट: द्रव उजळतो, पण सूर्य थेट लेन्समध्ये येऊन चित्र पांढुरकं पडण्याचा धोका असतो. सूर्य दहा-अकरावर सरकवला की डाव्या कडेला बारीक, धारदार रेघ येते. हा झाला रिम लाइट. ‘मागून प्रकाश’ एवढंच लिहिलंत, तर या दोन्हींपैकी काय मिळेल ते नशिबावर.

सावलीही इथेच लिहा. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या साडेनऊपट असते. १० सेंटिमीटरच्या बाटलीची जवळजवळ १ मीटर! आणि ती कॅमेऱ्याकडे येते. सूर्य मागे आणि सावलीही मागे असं लिहिलेलं मी वारंवार वाचतो, तेव्हा फार वाईट वाटतं.

आयोजकांनी घड्याळ दाखवलं, म्हणजे उरलेलं भराभर. लेबलला समोरून मोठा दिवा मागू नका, पांढरं कार्ड मागा, चौकटीबाहेर, पाचच्या जागी. त्यावर थेट ऊन पडतं, म्हणून ते लेबलवर उबदार उजेड परत टाकतं. कार्ड नसेल तर लेबलला फक्त आकाशाचा उजेड मिळतो आणि कड नारिंगी, लेबल निळसर असं होतं. लेबल वाचता यावं, पण कडेपेक्षा साधारण दोन स्टॉप खाली, म्हणजे तिच्या पाव उजेडात राहावं, हेही लिहून टाका.

आता हालचाल. गोल बाटली जागेवर फिरवली तरी उजळ रेघ डावीकडेच थांबते, फिरतं ते लेबल. चौकोनी बाटलीत एकेक बाजू सूर्याला सापडते तशी लखकन चमकते. कॅमेरा फिरवलात तर रेघेची जाडीच बदलते. यातलं काय हवंय ते एकाच क्रियापदात सांगा.

तर त्या अत्तराची ओळ मी अशी लिहीन: ‘मागे सावलीतली गडद झाडी, धूसर. सूर्य अकरावर, क्षितिजाजवळ, चौकटीबाहेर. काचेच्या डाव्या कडेला बारीक नारिंगी रेघ, द्रव मधाच्या रंगाचा आतून उजळलेला, लांब सावली कॅमेऱ्याकडे. लेबल पांढऱ्या कार्डाच्या उजेडात वाचता येईल इतपत. बाटली सावकाश फिरते, कॅमेरा स्थिर.’ प्रश्न असतील तर विचारा.