बटण सोडताना वाढणारा आकडा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावरची जोडणी अगदी साधी आहे. एका बटणाचं एक टोक ग्राउंडला जोडलंय, दुसरं मायक्रोकंट्रोलरच्या पिनला. त्या पिनला 5 व्होल्टपासून 10 किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर आहे. बटण मोकळं असताना पिन 5 व्होल्टवर असते, दाबलं की शून्यावर येते. व्होल्टेज खाली येताना इंटरप्ट येतो आणि पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो. मी आता दहा वेळा बटण दाबतो. आकडा बघा: 17.

बटणाच्या आत धातूची लवचिक चकती असते. ती खालच्या संपर्काला टेकते, उसळते, पुन्हा टेकते आणि मग स्थिरावते. हाच बाउन्स. चांगल्या बटणात तो एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. जुन्या, झिजलेल्या बटणात 10 मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त चालतो. हाताला ही एकच दाब वाटते, पण प्रोसेसरच्या लेखी तेवढ्या वेळात बटण चार-पाच वेळा दाबून सुटलेलं असतं. ऑसिलोस्कोप सिंगल ट्रिगरवर ठेवा, एका चौकोनाला 1 मिलिसेकंद घ्या, म्हणजे ती उसळी डोळ्यांनी दिसेल.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो असा: पहिला इंटरप्ट आला की आकडा वाढवायचा आणि पुढचे 20 मिलिसेकंद येणाऱ्या सगळ्या इंटरप्टकडे दुर्लक्ष करायचं. तो मी इथे घातला आहे. आता बटण दाबून धरतो. आकडा एकानेच वाढला, छान. दोन सेकंद तसंच धरून ठेवतो, आणि आता सोडतो. पाहिलंत? बोट उचलताना आकडा पुन्हा वाढला! दर वेळी नाही वाढणार, म्हणूनच ही चूक पटकन सापडत नाही.

कारण असं, की संपर्क सुटतानाही उसळतो. व्होल्टेज वर जातं, खाली येतं, मग वर स्थिरावतं. त्या मधल्या खाली येण्याला प्रोसेसर नवी दाब समजतो, कारण आपले 20 मिलिसेकंद केव्हाच संपलेले असतात. शिवाय शेजारची मोटर सुरू होताना तारेत क्षणभर खोटा सिग्नल शिरला, तर तोही ‘पहिला इंटरप्ट’ म्हणून सरळ मोजला जातो. वेळ वाढवून यातलं काहीच सुटत नाही. मुळात आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. ‘व्होल्टेज बदललं का?’ असं न विचारता ‘नवी स्थिती टिकली का?’ असं विचारायला हवं.

त्यासाठी इंटरप्ट पिनवरून काढून टायमरवर न्यायचा आणि दर मिलिसेकंदाला पिन वाचायची:

```c
void tick_1ms(void) {
    static uint8_t n = 0;
    uint8_t raw = (PIND & (1 << PD2)) ? 0 : 1;

    if (raw == pressed) {
        n = 0;
    } else if (++n >= 20) {
        n = 0;
        pressed = raw;
        if (pressed) count++;
    }
}
```

`pressed` म्हणजे आपण मान्य केलेली स्थिती. पिन त्याहून वेगळं सांगू लागली की `n` वाढतो, आणि मध्ये एकदा जरी जुनी स्थिती दिसली तरी शून्यापासून मोजणी सुरू होते. सलग वीस वाचनं एकसारखी आली तरच बदल मान्य. हाच नियम सुटण्यालाही लागू आहे, त्यामुळे सुटतानाची उसळी आपोआप गळते. 20 मिलिसेकंदांचा उशीर बोटाला जाणवत नाही. माझं मत विचाराल तर प्रोसेसर असताना मी हेच वापरतो: एकही जादा भाग लागत नाही आणि बटण बदललं तर एक आकडा बदलून भागतं.

मग हार्डवेअर कधी? जिथे वाचायला प्रोग्रॅमच नाही तिथे. बटण थेट फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला किंवा रिसेटला जोडलं असेल, तर प्रत्येक उसळी खरी मानली जाते. तिथे बटणाच्या टोकापासून 10 किलोओहमचा दुसरा रेझिस्टर, त्यापुढे ग्राउंडला 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्या जोडावरून 74HC14 या श्मिट ट्रिगर चिपची इनपुट घ्यायची. बटण दाबलं की कपॅसिटर 10 किलोओहममधून रिकामा होतो, म्हणजे RC = 10 मिलिसेकंद. या चिपचा खालचा उंबरठा 5 व्होल्टवर सुमारे 1.8 धरला तर:

```
t = RC × ln(5 / 1.8) ≈ 10 ms
```

सोडल्यावर मात्र तो दोन्ही रेझिस्टरमधून, 20 किलोओहममधून भरतो, म्हणून सुटायला जास्त वेळ लागतो. उंबरठे चिपगणिक बदलतात, तेव्हा हिशेब काठावर ठेवू नका. आणि 74HC14 चं गेट उलटं आहे, दाबल्यावर आउटपुट वर जातं, हेही लक्षात असू द्या.

दोन काटकसरी इथे हमखास केल्या जातात. एक, श्मिट ट्रिगर गाळून कपॅसिटर थेट साध्या गेटला जोडणं. मग व्होल्टेज उंबरठ्याजवळून इतकं हळू सरकतं, की थोड्याशा गोंगाटानेही गेट अनेकदा पलटतं. बाउन्स काढायला गेलो आणि नवा तयार केला. दुसरी, तो दुसरा रेझिस्टर वगळून कपॅसिटर बटणालाच समांतर लावणं. भरलेला कपॅसिटर मग प्रत्येक दाबेला संपर्कातूनच एकदम रिकामा होतो आणि त्या क्षणिक मोठ्या प्रवाहाने संपर्क झिजत जातात. असं बटण सुरुवातीला उत्तम चालतं. पुढे संपर्क खराब झाले की त्याचा बाउन्स वाढत जातो.