तळ न लागता

[पणजी, कांपालचा जलतरण तलाव. वॉटर पोलोचा संध्याकाळचा सराव.]

काठावरून पाहिलं तर ही मुलं पाण्यात नुसती उभी आहेत असंच वाटतं. आता कॅमेरा पाण्याखाली.

[पाण्याखाली, फक्त पाय.]

गुडघे वाकलेले, मांड्या फाकलेल्या, आणि प्रत्येक पाऊल आपलं वेगळं वर्तुळ काढतंय, दुसऱ्याच्या उलट दिशेनं. एक पाय पाणी दाबतो तेव्हा दुसरा परत येत असतो. दाबात खंड पडत नाही, म्हणून वर डोकं हलतही नाही. खेळाडू याला एगबीटर म्हणतात, अंडी फेटायच्या यंत्रावरून. बेडकासारखी दोन्ही पायांची लाथ एकदम मारली तर माणूस उसळतो आणि लगेच खाली बसतो. नेमका तेव्हाच पास आला, की गेला.

वॉटर पोलोत तळाला पाय टेकायचा नाही. मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही स्वतःच्या गोलासमोर. सामन्याच्या तलावाची खोली किमान 1.8 मीटर लागते. उथळ टोकाला शिकलेली मुलं सवयीनं टेकतात. पाणी न खळबळता खांदे वर आले, की समजायचं. म्हणूनच म्हणतो, खोल पाणी पहिल्या दिवसापासून हवं.

[प्रशिक्षक काठावर. मुलांचे हात वर.]

"कोपर दिसू दे रे! कोपर!"

सत्तर किलोचा खेळाडू घ्या. गळ्यापर्यंत पाण्यात असताना त्याच्या धडाचं वजन जवळजवळ सगळं पाणीच पेलतं. हात वर काढले, की त्या दोन हातांचे साधारण सात किलो आणि डोक्याचे पाच, असा भार सरळ पायांवर येतो. आडवायला हात वर हवेतच. शॉट मारताना तर कमरेपर्यंत बाहेर यावं लागतं.

[गोलासमोर. पांढरी टोपी, मागे निळी टोपी.]

पांढऱ्या टोपीच्या हाताकडे बघा. चेंडू धरला आहे तोवर मागचा त्याला ओढू शकतो, बुडवूही शकतो, नियमात बसतं. बुडताना चेंडू पाण्याखाली गेला, तर उलट यालाच फाऊल. आता... बोटं उचलली. चेंडू मोकळा, मागच्याचा हात अजून खांद्यावर. शिट्टी! फाऊल निळ्याला. मोकळ्या माणसाला ओढून बुडवलं असतं, तर निळा काही सेकंद खेळाबाहेरच गेला असता.

हा एक क्षण साधण्यासाठी दोघांचे पाय मघापासून फिरतायत, वर एकमेकांचं ओझं घेऊन.

[घड्याळाचा फलक.]

आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि खेळ थांबला की घड्याळही थांबतं. जांघ, गुडघे, खांदे दुखावतात, तेही बरेचदा.

[पाण्याखाली पुन्हा पाय. वर शिट्टी. पाय थांबत नाहीत.]