एक वजा का करायचा?

[टेबलावर तीन चिठ्ठ्या: 1, 4, 7]

नमुन्यातले n आकडे किती विखुरलेले आहेत, म्हणजे त्यांचा व्हेरिअन्स, काढताना n ने नव्हे, n − 1 ने भागतात. हा एक का वजा करायचा, ते पाहू. या तीन चिठ्ठ्या म्हणजे आपली अख्खी समष्टी. सरासरी 4. चारपासूनच्या फरकांचे वर्ग 9, 0 आणि 9, त्यांची सरासरी 6. हा झाला खरा व्हेरिअन्स.

आता हे विसरून जाऊ. एक चिठ्ठी उचलायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची आणि पुन्हा एक उचलायची. अशा जोड्या होतात नऊ, आणि प्रत्येक येण्याची शक्यता सारखीच.

1 आणि 1 आले, तर सरासरी 1. दोनदा 7 आला, तर 7. दोन्ही उत्तरं सपशेल चूक. पण नऊही सरासऱ्यांची बेरीज होते 36, नवाने भागली की 4. नमुन्याची सरासरी अनबायस्ड आहे, ती एवढ्याच अर्थाने. प्रत्येक उचलीची अपेक्षित किंमत 4, मग दोन उचलींच्या सरासरीचीही 4.

व्हेरिअन्सला मात्र हे जमत नाही.

[पडद्यावर जोडी: 1, 4]

या जोडीची सरासरी अडीच. अडीचपासून दोन्ही आकडे दीडने लांब, म्हणून वर्गांची बेरीज साडेचार. खऱ्या सरासरीपासून, म्हणजे 4 पासून मोजलं असतं, तर ती 9 आली असती. मधले साडेचार कुठे गेले? अडीच ही सरासरी याच दोन आकड्यांतून काढलेली, त्यामुळे ती त्यांच्या मधोमध जाऊन बसते. वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येते ती तिथूनच. खऱ्या सरासरीपासून मोजल्यावर ती निदान तेवढी तरी येईल, कमी कधीच नाही. म्हणजे इथली चूक नेहमी एकाच बाजूला.

चूक किती, तेही नेमकं सांगता येतं. नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून जेवढी सरकली, त्याचा वर्ग गुणिले n. इथे दीडचा वर्ग सव्वादोन, त्याची दुप्पट साडेचार. सापडले! आणि उचली एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तर या सरकण्याच्या वर्गाची अपेक्षित किंमत σ²/n असते; σ² म्हणजे खरा व्हेरिअन्स. n ने गुणलं, की एक σ². खऱ्या सरासरीपासूनची बेरीज सरासरीने nσ² भरली असती, त्यातला एक σ² गळाला. उरले (n − 1)σ². म्हणून भागायचं n − 1 ने.

नऊ जोड्यांवर पडताळून पाहा. n ने भागलं तर नऊ उत्तरांची सरासरी 3, खऱ्याच्या निम्मी. n − 1 ने भागलं तर बरोबर 6. n शंभर असता तर हा फरक एक टक्क्याचाच.

या दुरुस्तीला जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलचं नाव आहे. पण ती व्हेरिअन्सपुरतीच. वर्गमूळ घेऊन प्रमाण विचलन काढलं, की बायस परत येतो: नऊ जोड्यांची सरासरी सुमारे 1.89, आणि खरं उत्तर 2.45.