‘ॲव्हरेज किती देते?’ : शहरात रोज वापरायची विजेची स्कूटर निवडताना

(पुण्यातील एका ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, पेट्रोलची गाडी घेताना आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला असे: ‘ॲव्हरेज किती देते?’ टाकीत किती लिटर मावते हे सहसा कोणी विचारत नसे. विजेच्या स्कूटरच्या दुकानात गेल्यावर मात्र आपण नेमके उलटे करतो. विक्रेता एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते सांगतो आणि आपण तो आकडा घेऊन घरी येतो. हा आकडा टाकी आणि ॲव्हरेज यांचा गुणाकार असतो, आणि त्यातले ॲव्हरेज कोणत्या परिस्थितीत काढले आहे हे त्यात दिसत नाही. मी आज जे सांगणार आहे ते एका खरेदीच्या आधाराने सांगणार आहे. माझी भाची वडगाव बुद्रुकला राहते आणि तिचे कार्यालय हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. एका बाजूचे अंतर साधारण २४ किलोमीटर, म्हणजे रोजचे ४८. एका बाजूच्या २४ पैकी १४ किलोमीटर बाह्यवळण रस्त्यावरून, जिथे ताशी ५५ च्या खाली चालवले तर मागचा ट्रक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो, आणि उरलेले १० गर्दीतले.

आधी प्रमाणित रेंजचा आकडा कुठून येतो ते पाहू. जाहिरातीत ‘आयडीसी रेंज’ असे लिहिलेले असते. आयडीसी म्हणजे भारतीय चालनचक्र. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगक्रमाने चालवतात. हे चक्र १०८ सेकंदांचे असते, त्यातला सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी २२ च्या आसपास असतो. हा आकडा खोटा मुळीच नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगलाच उपयोगी आहे. फक्त तो बाह्यवळणावर ५५ ने जाणाऱ्या भाचीचा आकडा नाही. काही कंपन्या रस्त्यावरचा अंदाज वेगळा छापतात, ही चांगली गोष्ट आहे. एथरने ‘ट्रू रेंज’ या नावाने असा दुसरा, कमी असलेला आकडा देण्याची पद्धत बरीच वर्षे ठेवली आहे.

वेगाने इतका फरक का पडतो, याचा हिशेब कागदावर करता येतो. स्कूटर आणि चालक मिळून १९० किलो धरा. सपाट रस्त्यावर चाकांचे घर्षण वेगाने फारसे बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि स्कूटरवर ताठ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली एक छोटी फळीच असते. मी ढोबळ आकडे घालून आणि मोटर-कंट्रोलरमधला वीस टक्के ऱ्हास धरून हिशेब केला, तेव्हा ताशी ४० च्या स्थिर वेगाला किलोमीटरमागे सुमारे २५ वॅट-तास लागतात, ५५ ला ३९ आणि ६० ला ४४. म्हणजे वेग दीडपट केला की खर्च पावणेदोनपट होतो. गर्दीत वेग कमी असला तरी थांबून पुन्हा निघण्यात वीज जाते. ब्रेक लावताना मोटर त्यातली थोडी परत करते, पण सगळी नाही, म्हणून तिथे ३० धरावेत. चढाचा वेगळा हिशेब आहे: शंभर मीटर उंची चढायला एकट्या चालकासह ६५ वॅट-तासांच्या आसपास लागतात, म्हणजे सपाटीवरचे दोन-अडीच किलोमीटर गेले. मागे कोणी बसले तर आणखी. चांदणी चौकाच्या चढाला स्कूटरची टक्केवारी भराभर उतरताना पाहून जे घाबरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे की उताराला त्यातला काही भाग परत मिळतो.

आता भाचीचा दिवस. बाह्यवळणावर १४ गुणिले ३९ म्हणजे ५४६ आणि गर्दीत १० गुणिले ३० म्हणजे ३००. दोन्ही बाजू मिळून १६९२ वॅट-तास. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास, तेव्हा चढउताराचे थोडे वाढवून आपण दिवसाला १.८ युनिट म्हणू. बॅटरीवर ३ युनिट लिहिले असले तरी सगळे वापरायला मिळत नाहीत, वर-खाली थोडे राखीव ठेवलेले असते, २.७ मिळतील असे धरले तर तिची खरी रेंज ७२ किलोमीटर येते. एवढ्या बॅटरीच्या गाड्यांवर आयडीसीचा आकडा १२० च्या घरात असतो. उदाहरणार्थ, २०२४ मध्ये आलेल्या एथरच्या रिझ्टा या स्कूटरच्या २.९ युनिटांच्या गाडीला तो १२३ होता. भाची म्हणाली, ‘मामा, म्हणजे फसवणूकच की!’ मी म्हटले, फसवणूक नाही, चक्र वेगळे आहे. पण आपल्या रस्त्यासाठी त्या आकड्यातून चाळीस टक्के वजा करायची तयारी हवी. जो माणूस कोथरूडहून डेक्कनला तीस-पस्तीसच्या वेगाने जातो, त्याला मात्र त्यातून फारसे कमी करावे लागणार नाही.

७२ हे ४८ पेक्षा बरेच जास्त आहे, मग काम झाले का? इथे बॅटरीचा प्रकार मध्ये येतो. स्वस्त, नोंदणी न लागणाऱ्या, ताशी २५ च्या आतल्या गाड्यांत अजून शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या दिसतात; असल्या प्रवासासाठी त्यांचा विचारच करू नये. उरतात लिथियमचे दोन प्रकार: निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, ज्याला एनएमसी म्हणतात, आणि लोह-फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी. तेवढ्याच वजनात एनएमसी जास्त वीज साठवतो. तीन युनिटांच्या गाडीत पाच-सात किलोंचा फरक पडू शकतो. एलएफपी जड पडतो, पण चार्जिंगची आवर्तने बरीच जास्त सोसतो आणि त्याचा सेल पेट घ्यायला जास्त तापावा लागतो. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगावात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. त्या वर्षीच्या अशा आगींनंतर बॅटरीसाठीचे एआयएस १५६ हे मानक दोन टप्प्यांत कडक झाले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने बॅटरीची निर्मिती तारीख जरूर पाहावी.

माहितीपत्रकात प्रकार बहुधा लिहिलेला नसतो. पण बॅटरीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत व्होल्टेज असते, आणि ते बोलते. एलएफपी सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.२, म्हणून १६ सेलांच्या रांगेचे ५१.२ होते. एनएमसीचे ३.६ ते ३.७, म्हणून १४ सेलांचे ५१ च्या आसपास, पण ५०.४ किंवा ५१.८ असे काहीतरी. ५१.२ दिसले की बहुधा एलएफपी समजावे. त्याच पट्टीवरच्या अँपिअर-तासांनी गुणले की खरी साठवण कळते: ५१.२ गुणिले ६० म्हणजे ३०७२ वॅट-तास, तीन युनिटांना थोडी वर.

दोघांची वागणूकही वेगळी असते, आणि तक्रारी बऱ्याचदा तिथेच जन्माला येतात. एनएमसीचे व्होल्टेज रिकामे होताना हळूहळू उतरत जाते, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी साधारण खरी असते. एलएफपीचे बराच वेळ जवळजवळ सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते. आत किती उरले हे यंत्रणेला मोजून नव्हे तर मोजदाद ठेवून ठरवावे लागते, आणि ती मोजदाद हळूहळू चुकत जाते. माझ्या स्वतःच्या जुन्या स्कूटरने एकदा १८ टक्क्यांवरून पाच मिनिटांत ४ वर उडी मारली आणि मला म्हात्रे पुलाजवळ उतरून ढकलायला लावले. बॅटरी बिघडली नव्हती. मी रोज ऐंशीला प्लग काढत होतो, तो शहाणपणा एनएमसीसाठी बरा होता. एलएफपीला आठवड्यातून एकदा पूर्ण शंभरपर्यंत भरून थोडा वेळ तसेच लावून ठेवले की मोजदाद पुन्हा जागेवर येते.

भाचीचा वर्षाचा हिशेब असा: अडीचशे दिवस गुणिले १.८ म्हणजे ४५० युनिट, म्हणजे २.७ च्या बॅटरीची सुमारे १६७ पूर्ण आवर्तने. एनएमसीची ढोबळ हजार धरली तर सहा वर्षे, एलएफपीची दोन हजार धरली तर त्याच्या दुप्पट. आयुष्य संपणे म्हणजे गाडी बंद पडणे नव्हे. साठवण सत्तर टक्क्यांपर्यंत उतरली की संपले असे मानण्याची रीत आहे. २.७ चे सत्तर टक्के १.८९. म्हणजे सहाव्या वर्षी ही गाडी घरी पोहोचेल, पण जेमतेम, आणि पावसाळ्यात खड्डे चुकवत लांबून यावे लागले तर वाटेतच थांबेल. म्हणून मी तिला ३.७ युनिटांची गाडी घ्यायला सांगितले. कार्यालयाच्या वाहनतळात प्लग असता तर ३ ची चालली असती. बॅटरीची हमी घेतानाही नुसती वर्षे पाहू नका, किती टक्क्यांखाली साठवण गेली तर बदलून मिळेल हे लेखी आहे का ते पाहा.

शेवटी सेवा केंद्र. निवड दोन गाड्यांवर आली होती. दोघींचे शोरूम चकचकीत. मी भाचीला घेऊन शनिवारी दुपारी दोन्ही कंपन्यांच्या सेवा केंद्रांत गेलो. हँडलला टांगलेल्या जॉब कार्डांवर गाडी आल्याची तारीख असते, ती वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या ठिकाणी अकरा गाड्या उभ्या होत्या आणि चौघींची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. एकीच्या सीटवर इतकी धूळ होती की कोणीतरी बोटाने स्वतःचे नाव लिहिले होते. कार्डांवर ‘पार्ट पेंडिंग’. दुसऱ्या ठिकाणी सर्वांत जुनी तारीख चार दिवसांची होती.

तिथल्या मेकॅनिकला तीन गोष्टी विचाराव्यात, व्यवस्थापकाला नव्हे. कंट्रोलर गेला तर इथे साठ्यात असतो की मागवावा लागतो? बॅटरी इथे उघडता की कारखान्यात पाठवता, आणि तोवर दुसरी देता का? आणि मोटर मागच्या चाकातच असेल, तर टायर बदलायला चाक कोण काढते? हा तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो. ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढता निघते, पण टायर बदलायचा झाला तर मोटरच्या जाड वायरींचा जोड सोडवावा लागतो आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्याला हात लावत नाही. पट्ट्याने चाक फिरवणाऱ्या गाडीत ही अडचण नाही, तिथे पट्टा कधी बदलायचा ते विचारावे.

भाचीने दुसरी गाडी घेतली, तिची आयडीसी रेंज पहिलीपेक्षा दहा-बारा किलोमीटरने कमी होती. भिंतीतल्या सॉकेटला तिने एक छोटा मीटर लावला आहे आणि दर रविवारी वाचन वहीत लिहिते. चार्जरमधला ऱ्हास धरून पहिल्या महिन्यात एका युनिटला २३ किलोमीटर पडले. परवा तिच्या कार्यालयातल्या कोणीतरी विचारले, ‘ॲव्हरेज काय देते?’ तिने तेवीस सांगितले आणि तो हसू लागला. मग एका युनिटला वीजबिलात किती पडतात, ते तिने त्याला सांगितले.