होळी पेटायला रात्रीचे साडेअकरा का वाजले?

[दृश्य: चाळीचं अंगण. मधोमध एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या आणि लाकडं.]

एरंड रोवला, गोवऱ्या रचल्या, नैवेद्याची पुरणपोळीही ताटात आली. चंद्र वर आलाय, तरी होळी पेटलेली नाही. तारीख 13 मार्च 2025, फाल्गुन पौर्णिमा.

[दृश्य: पंचांगाचं पान, करणाच्या रकान्यावर बोट.]

आपण तिथी बघतो आणि पान मिटतो. होळीला मात्र करण बघावंच लागतं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते, सहा अंश गेला की एक करण. म्हणजे एका तिथीत दोन करणं. पौर्णिमेचं पहिलं करण दरवेळी विष्टी असतं, तीच भद्रा, आणि भद्रेत सहसा होळी पेटवत नाहीत. त्यामुळे भद्रा नसलेली पौर्णिमा नसते. प्रश्न एवढाच, की ती दिवसा सरते की संध्याकाळ अडवते.

[दृश्य: वहीत पेन्सिलीने मांडलेलं गणित.]

त्या दिवशी पौर्णिमा लागली सकाळी 10:35 ला आणि संपली दुसऱ्या दिवशी दुपारी 12:23 ला. हे तास निम्मे केले तर भद्रा रात्री 11:29 ला सुटायला हवी. पंचांगात आहे 11:26. चंद्राची गती सारखी नसते आणि करण मोजतात अंशांवर, म्हणून हा तीन मिनिटांचा फरक.

[दृश्य: मावळता सूर्य, मुंबईचा किनारा.]

सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. तिथून पुढे साधारण सव्वादोन तास प्रदोष, म्हणजे होळीची खरी वेळ. तो सगळा भद्रेत गेला. दुसऱ्या दिवशीच्या प्रदोषाला पौर्णिमाच नाही. मग शास्त्राचा मार्ग उरतो तो हा: भद्रा मध्यरात्रीच्या आत सुटत असेल, तर ती सुटल्यावर होळी पेटवावी.

[दृश्य: पुन्हा पंचांग, भद्रेच्या वेळा जवळून.]

भद्रा मध्यरात्रीच्याही पुढे जात असेल तर नुसतं थांबून भागत नाही. तेव्हा भद्रेचं पुच्छ घेतात. भद्रेचे तीस भाग केले तर पुच्छ तीन भागांचं आणि मुख पाच भागांचं. मुखात होळी सर्वथा वर्ज्य. 2025 मध्ये पुच्छ होतं 6:57 ते 8:14 आणि त्याला लागूनच मुख, 10:22 पर्यंत. ‘थोडं उशिरा, नऊला पेटवू’ ही तडजोड म्हणूनच सगळ्यात वाईट: थांबूनही होळी नेमकी मुखात पडते.

उशिराचा मुहूर्त पाळायचा तर मुलं झोपतात आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. हे आधी कळलं तर वर्गणीच्या चिठ्ठीवरच वेळ छापता येते.

[दृश्य: 11:26 नंतर. कापूर, पहिली ज्वाळा, बोंब.]