एका वळणाचा हिशेब

[जीपची मागची चाकं हवेत. हात चाक फिरवतो.]

इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवं चाक हाताने पुढे फिरवलं, तर डावं मागे चाललं. तेही अगदी तितकंच! ही करामत मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलची.

[ओल्या टायरचे फरशीवरचे माग.]

हे माग काटकोनी वळणाचे. दोन चाकांतलं अंतर साधारण 1.4 मीटर. एवढ्या वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 2.2 मीटर जास्त चालतं, मग वळण अरुंद असो की ऐसपैस. 60 सेंटिमीटर व्यासाच्या टायरला हा एक फेरा आणि वर थोडं. बैलगाडीला ही अडचण नाही. तिची चाकं कण्यावर सुटी फिरतात, ओढायला बैल आहेत. इथे मात्र दोन्ही चाकांना इंजिनचा जोर पोचवायचाय.

[झाकण निघतं. काळं तेल ट्रेमध्ये पडतं.]

ही मोठी चकती म्हणजे क्राऊन. इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर, पिनियन, तिला फिरवतो. तिला बोल्टने जोडलेल्या पिंजऱ्यात, एका आडव्या पिनवर, हे दोन छोटे स्टार गिअर. त्यांना दोन्हीकडून भिडलेले सन गिअर, आणि प्रत्येक सन गिअरमधून एक ॲक्सल आपापल्या चाकाकडे जातो.

सरळ रस्त्यावर स्टार गिअर पिनवर फिरतच नाहीत. पिंजरा नेईल तिकडे जातात आणि दोन्ही बाजूंना सारखंच ओढतात. वळणावर आतलं चाक मंदावतं, तसे ते पिनवर फिरू लागतात. आतल्या चाकाचे जेवढे फेरे कमी, तेवढेच बाहेरच्याचे जास्त. क्राऊनचा वेग दोघांच्या बरोबर मधला. जॅकवर गाडी गिअरमध्ये असल्याने क्राऊन थांबलेला होता, म्हणून एक पुढे, एक मागे.

[चिखलात गरगरणारं चाक.]

गोम इथेच आहे. वेग वेगळे, पण जोर दोघांना सारखाच. चिखलातलं चाक समजा 50 न्यूटन-मीटरला घसरतं, तर कोरड्यावरच्यालाही 50च मिळणार. गाडी जागेवर. हे असंच रेटत राहिलं तर पिन खरवडते, कधी तुटतेही.

[दुसरा डिफरन्शियल. बोटांवर चकत्यांची चळत.]

हा लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाला मोकाट गरगरू न देणारा. यात सन गिअरच्या मागे या क्लच प्लेट असतात. एक सन गिअरला अडकलेली, पुढची पिंजऱ्याला, अशा आलटून पालटून, स्प्रिंगने दाबलेल्या. त्यांच्या घर्षणाने दोन चाकांच्या जोरातला 150चा फरक पेलला, तर कोरड्या चाकाला 50 नव्हे, 200 मिळतात. वळणावर रस्त्याची पकड या घर्षणापेक्षा जास्त असते, त्यामुळे प्लेट सरकतात आणि चाकांना वेगात हवा तो फरक मिळतो.

तेल मात्र याचंच हवं. चुकीचं पडलं की अरुंद वळणावर मागून कटकट येते. प्लेट झिजल्या की गाडी पुन्हा साध्यासारखी वागते.

[पुन्हा जॅक, दुसरी जीप.]

ही न्यूट्रलमध्ये आहे. उजवं चाक पुढे ढकललं. डावंही पुढेच आलं.